सकाळची फिकट रेघ दुसऱ्या दिवशी गायब कशी होते?

प्रश्न : वय २९, राहणार लष्कर, ग्वाल्हेर. शेवटची पाळी १४ एप्रिलला आली. पाळी कधी २८ दिवसांनी येते, कधी ३४ सुद्धा. १४ मेला सकाळी घरी टेस्ट केली तर दुसरी रेघ अगदी फिकट आली. १५ला दुपारी दुसऱ्या कंपनीचं किट आणून केली तर काहीच नाही. जाऊबाई म्हणतात, फिकट असली तरी रेघ ती रेघच. मेडिकलवाला म्हणतो किट खराब असेल, पाळी आणायची गोळी घेऊन टाका. हे २० एप्रिलला कामासाठी पुण्याला गेले होते, २ मेला परतले. पोटात दुखत नाही, डागही नाही. मी काय समजू?

उत्तर :

आधी एक गोष्ट सांगून टाकते. ती गोळी घेऊ नका. का ते पुढे येईलच. जाऊबाईंचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण एका अटीवर, तीही सांगते. तुमच्या प्रश्नात सगळ्यात कामाची माहिती मात्र तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे यजमान पुण्याला कधी गेले आणि कधी परतले. माझ्याकडे येणाऱ्या बायका पाळीची तारीख पाठ सांगतात, पण अशी तारीख विचारल्याशिवाय सांगत नाहीत. फिकट रेघेचा उलगडा बहुतेक वेळा तिथेच होतो.

किट काय मोजतं, ते आधी बघू. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागला की त्याच्या बाहेरच्या थरातून एचसीजी नावाचं हार्मोन तयार होतं. ते रक्तात येतं आणि तिथून लघवीत उतरतं. किटच्या पट्टीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, लालसर रंग त्यांचाच. त्यांना एचसीजी पकडणारी अँटीबॉडी चिकटवलेली असते. लघवीत एचसीजी असेल तर ते या कणांना धरून पुढे सरकतं आणि ‘टी’ अक्षरापाशी बसवलेल्या दुसऱ्या अँटीबॉडीत अडकतं. जितके कण अडकतील तितकी रेघ गडद. थोडे अडकले तर फिकट, फारच थोडे अडकले तर डोळ्याला दिसतच नाही. म्हणजे किट तुम्हाला ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगत नाही. त्या तीन थेंबांत त्या वेळी एचसीजी किती दाट होतं, एवढंच ते सांगतं. आपल्याकडे मिळणारी बरीच किट २५च्या आसपास पोचल्यावर रेघ दाखवतात (एकक मिली इंटरनॅशनल युनिट प्रति मिलिलिटर, पुढे नुसता आकडाच लिहिते). काही किट १०लाच दाखवतात. तुम्ही दोन दिवस दोन कंपन्यांची किट वापरलीत, म्हणून त्या दोन निकालांची आपसात तुलना तशीही होत नाही.

आता तारखा लावून बघू. १४ एप्रिलपासून २८ दिवसांचा हिशेब धरला तर पाळी १२ मेला यायला हवी होती, आणि टेस्ट केली तेव्हा ती दोन दिवस लांबलेली होती. तसं असेल तर बीजांड साधारण २७ एप्रिलला सुटलं असणार. पण त्या दिवशी यजमान पुण्यात होते. ते २० तारखेला निघाले, आणि शुक्राणू स्त्रीच्या शरीरात जास्तीत जास्त पाच दिवस टिकतात, म्हणजे २५ एप्रिलपर्यंत. २७ला सुटलेल्या बीजांडाला शुक्राणू भेटण्याची शक्यता जवळपास उरत नाही. गर्भ राहिला असेल तर तो २ मे नंतर, म्हणजे या महिन्यात तुमचं बीजांड उशिरा सुटलेलं आहे. तुमच्या ३४ दिवसांच्या पाळीशी हे जुळतंही, कारण बीजांड सुटल्यापासून पाळी यायला साधारण १४ दिवस लागतात. ३४ दिवसांच्या चक्रात ते विसाव्या दिवशी सुटतं, आणि १४ एप्रिलपासून विसावा दिवस येतो ३ मे.

हे मान्य केलं की चित्रच बदलतं. तुमची पाळी १२ मेला यायचीच नव्हती, ती येणार होती १७च्या आसपास. १४ला सकाळी तुम्ही टेस्ट केली तेव्हा पाळी लांबलेली नव्हती, उलट यायला तीन दिवस बाकी होते.

बीजांड फलित झालं की लगेच रुजत नाही. आधी ते नळीतून गर्भाशयापर्यंत येतं, मग अस्तरात शिरतं. यशस्वी गर्भधारणांमध्ये बहुतेक वेळा हे आठव्या ते दहाव्या दिवशी होतं. क्वचित सहाव्याच दिवशी, तर कधी बाराव्या दिवशी. अमेरिकेतल्या ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रियांच्या रोजच्या लघवीचे नमुने तपासून हे दाखवलं होतं. त्यांच्याच २००१ सालच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. पाळी चुकण्याच्या पहिल्या दिवशीसुद्धा दहापैकी एका गर्भधारणेत गर्भ अजून रुजलेलाच नसतो. किट कितीही महागाचं आणा, जे हार्मोन अजून तयारच झालेलं नाही ते त्यात कुठून दिसणार?

तुमच्या बाबतीत रुजणं ११ ते १३ मेच्या दरम्यान झालं असावं. समजा १२ला झालं. सुरुवातीच्या दिवसांत एचसीजी दीड-दोन दिवसांत दुप्पट होतं. अंदाजाने मांडायचं तर १४ला ते १५-२०, १६ला ४० आणि १८ला ८०च्या पुढे. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या रक्तातले नाहीत. पण त्यावरून एवढं कळतं की १४च्या सकाळी तुम्ही अगदी उंबरठ्यावर होतात, आणि उंबरठ्यावर जे दिसायला हवं तेच दिसलं. हेच जर बीजांड खरोखर २७ एप्रिलला सुटलेलं असतं, तर १४ मेपर्यंत रेघ चांगली ठळक यायला हवी होती, आणि तेव्हाची फिकट रेघ मला काळजीची वाटली असती. दोन्हीकडे रेघ तीच, पण तारीख बदलली की अर्थ बदलतो.

मग १५ला ती गेली कुठे? हार्मोन वाढत असेल तर दुसऱ्या दिवशी रेघ गडद व्हायला हवी, ही तुमची शंका रास्त आहे. पण सकाळची लघवी आणि दुपारची लघवी यांत फार फरक असतो, विशेषतः ग्वाल्हेरच्या मे महिन्यात. लू वाहायला लागली की घरातली मोठी माणसं दर तासाला पाण्याचा पेला पुढे करतात, वर पन्हं, ताक, सत्तू, बेलाचं सरबत. त्यात वाईट काही नाही, प्यायलाच हवं. पण एक चमचा साखर पेलाभर पाण्यात घातली काय आणि तांब्याभर पाण्यात घातली काय, साखर तितकीच असली तरी गोडी सारखी लागत नाही. रात्री सहा-सात तास मूत्राशयात साठलेली लघवी गडद पिवळी आणि दाट असते. दुपारी चार पेले पाणी पिऊन झालेली लघवी पाण्यासारखी पांढरी दिसते आणि कित्येक पटीने पातळ असू शकते. दोन-तीन महिन्यांच्या गर्भारपणात याने काही बिघडत नाही, कारण तेव्हा एचसीजी हजारांत असतं. पण जिथे सगळा मामला २०-२५चा आहे, तिथे लघवी दुपटीने पातळ झाली तरी रेघ नाहीशी होते. दुपारच्या टेस्टच्या वेळी लघवीचा रंग कसा होता ते आठवून बघा. फिकट किंवा पाण्यासारखा असेल तर तो निकाल मी मोजणार नाही.

मेडिकलवाल्याच्या ‘किट खराब’ म्हणण्यातही थोडं तथ्य असू शकतं, ते पूर्ण उडवून लावू नये. पाकिटावर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं, बहुतेकदा ३० अंशांपर्यंत. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५च्या वर जातो. बंद दुकानाच्या काउंटरवर, डिलिव्हरीच्या पेटीत किंवा गाडीच्या डिकीत ते किट दिवसभर पडलेलं असेल तर अँटीबॉडी कमजोर होऊ शकते. ‘सी’ची रेघ आली म्हणजे किट ठणठणीत, असं सगळे धरून चालतात. ते पूर्ण खरं नाही. ‘सी’ एवढंच सांगते की लघवी पट्टीतून नीट सरकली आणि रंगाचे कण तिथपर्यंत पोचले. ‘टी’पाशी बसवलेली अँटीबॉडी शाबूत आहे की नाही, याची हमी ती देत नाही. म्हणून उन्हाळ्यात किट थंड दुकानातून घ्यावं, मुदत बघावी आणि पाकीट टेस्टच्या वेळीच फोडावं. आशाताईंकडे सरकारी ‘निश्चय’ किट मोफत मिळतं, तेही चालतं. किट महाग की स्वस्त याने फारसा फरक पडत नाही.

आता जाऊबाईंच्या म्हणण्याची अट. रेघ ती रेघ हे खरं, पण ती वेळेत आलेली आणि रंगीत असेल तरच. थेंब टाकल्यावर पाकिटावर लिहिलेल्या वेळेत, साधारण पाच मिनिटांत, निकाल बघायचा आणि मग किट टाकून द्यायचं. बऱ्याच घरांत ते खिडकीत ठेवलं जातं, स्वयंपाक आटोपून पुन्हा बघितलं जातं, आणि तेव्हा तिथे एक पुसट रेघ दिसते. लघवी वाळली की ‘टी’च्या जागी राखाडी, रंग नसलेली खूण उमटू शकते. तिला गर्भाशी काही देणंघेणं नाही. तुमची १४ची रेघ गुलाबी किंवा जांभळट होती का, आणि पाच मिनिटांच्या आत दिसली होती का? मोबाइलमध्ये फोटो असेल तर त्याची वेळ तपासा. दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर १४ला तुमच्या शरीरात एचसीजी होतं असंच मी समजेन. मात्र गेल्या दोन आठवड्यांत वंध्यत्वाच्या उपचारातलं, बीजांड फोडण्याचं इंजेक्शन घेतलेलं नसावं. त्या इंजेक्शनमध्ये एचसीजीच असतं आणि ते दहा-बारा दिवस लघवीत राहू शकतं. तापाची गोळी, अँटिबायोटिक, थायरॉइडची गोळी यांनी टेस्टमध्ये फरक पडत नाही.

इथवर मी चांगली बाजू सांगितली. पण १४ला फिकट आणि १५ला कोरी, याची आणखी दोन कारणं असू शकतात, आणि ती घरच्या किटवर ओळखता येत नाहीत.

पहिलं म्हणजे गर्भ रुजला, एचसीजी थोडं वाढलं आणि तिथेच थांबलं. मग ते उतरतं, रेघ जाते आणि दोन-चार दिवसांत पाळी येते, कधी नेहमीपेक्षा थोडी जास्त. याला आम्ही केमिकल प्रेग्नन्सी म्हणतो. हे बऱ्याच जणींना होतं आणि पूर्वी कळतही नसे, पाळी चार दिवस पुढे गेली एवढंच वाटायचं. बहुधा गर्भातच गुणसूत्रांचा दोष असतो. तुम्ही धुणं उचललं, जिना चढलात किंवा उन्हात बाहेर पडलात म्हणून ते होत नाही. घरात कोणी तसं म्हटलं तर हे वाचून दाखवा.

दुसरं कारण कमी वेळा आढळतं, पण त्यासाठीच मी हे इतकं लांब उत्तर लिहिते आहे. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला तर एचसीजी बऱ्याचदा रडतखडत वाढतं. रेघ आठवडाभर फिकटच राहते, कधी दिसते, कधी नाही. घरी सगळे ‘अजून लवकर आहे’ म्हणत थांबतात, आणि तोवर नळी ताणत जाते. एका बाजूला ओटीपोटात दुखणं, तपकिरी डाग लागत राहणं, चक्कर येणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या टेस्टची वाट बघायची नाही. खांद्याचं दुखणं ऐकायला विचित्र वाटतं, पण पोटात रक्त साठून छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो. रात्र असली तरी तडक दवाखान्यात जा. तुमच्याकडून जयारोग्यच्या आवारातलं कमलाराजा रुग्णालय फार लांब नाही.

त्या गोळीला माझा विरोधही इथूनच येतो. ‘पाळी आणायची गोळी’ म्हणून दुकानातून दोन वेगळ्याच गोष्टी हातात पडतात. एक असते प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी. ती थांबवल्यावर, दिवस गेलेले नसतील तर, काही दिवसांत पाळी येते. दिवस गेलेले असतील तर येत नाही, म्हणजे आठ-दहा दिवस वाया जातात आणि तुम्ही होतात तिथेच राहता. दुसरी गोष्ट गर्भपाताच्या गोळ्यांची. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देताच येत नाही, तरीही काउंटरवरून दिली जाते. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. रक्तस्राव मात्र होतो, बाईला वाटतं मोकळी झाले, आणि खरा धोका आत तसाच वाढत राहतो. आणि तुमच्या बाबतीत तर हा गर्भ हवाच आहे असं मी धरून चालले आहे.

आता पुढे काय करायचं. तुम्हाला दुखत नाही, डाग नाही, म्हणून दोन-तीन दिवस थांबायला हरकत नाही. १८ किंवा १९ मेला सकाळी उठल्यावर पहिल्या लघवीवर टेस्ट करा. झोपण्याआधी तांब्याभर पाणी पिऊ नका, दिवसभर मात्र नेहमीसारखं प्या. लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घ्या, ड्रॉपरने पाकिटावर सांगितले असतील तितकेच थेंब टाका आणि घड्याळ लावून बघा. माझा अंदाज बरोबर असेल तर तोवर बीजांड सुटून पंधरा-सोळा दिवस झालेले असतील आणि रेघ स्पष्ट दिसेल. ‘सी’इतकी गडद नसली तरी चालेल. रोज टेस्ट करून फोटो शेजारी शेजारी ठेवायचा नाद मात्र लावून घेऊ नका. प्रत्येक किटमध्ये रंग थोडा कमी-जास्त असतो, आणि त्या तुलनेतून झोप उडण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

तेव्हाही रेघ फिकटच असेल, किंवा थांबणं तुम्हाला जमणार नसेल, तर रक्ताची बीटा एचसीजी करा. त्यात पाण्याने पातळ होण्याचा प्रश्न येत नाही. एका आकड्यावर मात्र काही ठरवू नका. बरोबर ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा, कारण लॅब बदलली की आकडा थोडा हलतो. समजा पहिला आला ४० आणि दुसरा ९०, तर वाढ छान आहे. ४०चे १२ झाले तर गर्भ टिकलेला नाही, आणि ५च्या खाली जाईपर्यंत तपासत राहायचं. ४०चे ४५ किंवा ५० झाले तर मात्र रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ४८ तासांत निदान दीडपट वाढ व्हायला हवी, ती न होणं हे नळीतल्या गर्भाचं किंवा न टिकणाऱ्या गर्भाचं लक्षण असू शकतं. वाढ चांगली असूनही गर्भ नळीत असू शकतो, म्हणून आकडे उत्तम आले आणि पोटात एका बाजूला दुखू लागलं, तर विश्वास दुखण्यावर ठेवा.

याच्या अगदी उलटा प्रकारही असतो. तो तुमचा नाही, पण वाचणाऱ्या कुणाचा असेल म्हणून लिहिते. पाळी दोन-अडीच महिने आलेली नाही, मळमळ आहे, स्तन भरल्यासारखे वाटतात, आणि टेस्ट निगेटिव्ह किंवा फिकट. अशा वेळी कधी कधी एचसीजी इतकं जास्त असतं की रंगाचे कण आणि ‘टी’वरची अँटीबॉडी दोन्ही आपापल्या जागी भरून जातात, एकमेकांना जोडलेच जात नाहीत, आणि रेघ उमटत नाही. द्राक्षगर्भात, म्हणजे गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारखी गाठ वाढते तेव्हा, हे विशेष दिसतं. लॅबमध्ये तीच लघवी पाणी घालून पातळ केली की रेघ येते. अशा बाईने घरी टेस्ट करत बसू नये, सरळ सोनोग्राफी करावी.

तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर फॉलिक ॲसिड सुरू नसल्यास सुरू करा. सोनोग्राफीला जाल तेव्हा नुसती १४ एप्रिल सांगून थांबू नका, पुण्याच्या तारखाही सांगा. १४ एप्रिलच्या हिशेबाने २६ मेला सहा आठवडे पूर्ण होतात, म्हणून त्याच सुमारास बोलावतील. पण खऱ्या हिशेबाने तो गर्भ तेव्हा सव्वापाच आठवड्यांचा असेल. पिशवी दिसेल, ठोके दिसणार नाहीत, आणि ‘वाढ कमी आहे’ असा शेरा हातात पडेल. दुखणं किंवा डाग नसतील तर पहिली सोनोग्राफी ४-५ जूनच्या आसपास ठेवा.